भाड्याच्या फर्निचरचा हिशेब: ७,८०० रुपये डिपॉझिट, आणि वर १०,३१३ रुपयांची मागणी

माझी भाची हिंजवडीत नोकरीला होती आणि वाकडला एका सोसायटीत मैत्रिणीबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने महिन्याच्या भाड्याने फर्निचर देणाऱ्या एका कंपनीकडून चार वस्तू घेतल्या: स्टोरेजचा क्वीन बेड गादीसकट, तीन सीटचा सोफा, १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज आणि टॉप लोड वॉशिंग मशीन. पुढच्या जुलैत तिची बदली बंगळुरूला झाली आणि तिने सगळं परत केलं. सहा दिवसांनी मेलवर हिशेब आला. भरलेलं डिपॉझिट ७,८०० रुपये, कपात १८,११३ रुपये, म्हणजे तिनेच कंपनीला १०,३१३ रुपये द्यायचे. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, "मामा, एक सोफ्याचा डाग आणि फुगलेली फळी, त्याचे एवढे पैसे होतात का?"

होत नाहीत. पण हिशेबातला सर्वांत मोठा आकडा डागाचा नव्हता, फळीचाही नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. अशा हिशेबात वेगवेगळ्या जातीच्या रकमा एकाच यादीत येतात आणि माणूस सगळ्याच रकमांवर सारखाच चिडतो. प्रत्यक्षात त्यातली एखादी रक्कम करारानुसार पूर्ण बरोबर असते, एखादी निव्वळ तारखेची चूक असते, आणि एखादीचा निर्णय दारात सही केलेल्या कागदावर अवलंबून असतो.

करार काय होता

ऑर्डर करताना मुदतीप्रमाणे दर दाखवले होते. चारही वस्तूंचं मिळून भाडं ३ महिन्यांसाठी घेतलं तर महिना ३,९००, ६ महिन्यांसाठी ३,२०० आणि १२ महिन्यांसाठी २,६००. तिने १२ महिन्यांची मुदत निवडली. त्यावर महिना १०० रुपयांचा 'डॅमेज वेव्हर' घेतला. २,७०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून दर महिन्याला ३,१८६ रुपये तिच्या खात्यातून ऑटो-पेने जात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं. वस्तू ९ नोव्हेंबरला आल्या, त्यामुळे भाड्याचा महिना ९ तारखेपासून पुढच्या ८ तारखेपर्यंत चालायचा. ही ९ तारीख पुढे महत्त्वाची ठरली.

हिशेबात आलेल्या रकमा अशा होत्या:

नवव्या महिन्याचं भाडं: ३,१८६
मुदतीआधी बंद केल्याबद्दल भाड्याचा फरक, ९ महिने, जीएसटीसह: ६,३७२
सोफ्यावरचा डाग: २,४००
बेडची फुगलेली फळी: ३,५००
फ्रिजच्या भाजीच्या खणाला तडा: ९००
वॉशिंग मशीनचा पाण्याचा पाइप नाही: ४५०
शेवटच्या चार रकमांवर १८ टक्के जीएसटी: १,३०५

आधी भाड्याचा फरक

मी तिला सांगितलं, डाग आणि फळी थोडा वेळ बाजूला ठेव, आधी ६,३७२ बघू. या रकमेला लोक दंड समजतात आणि सगळ्यात आधी तिच्यावरच भांडतात. करार नीट वाचला तर तो भाड्याचा फेरहिशेब असतो. स्वस्त दर १२ महिने ठेवण्याच्या बोलीवर मिळालेला असतो. त्याआधी वस्तू परत केल्या की प्रत्यक्षात जितके महिने ठेवल्या त्या मुदतीचा दर पहिल्या महिन्यापासून लागतो. आठ किंवा नऊ महिने म्हणजे ६ महिन्यांचा दर, ३,२००. दर महिन्याला ६०० रुपयांचा फरक, त्यावर जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. हे दर तिच्या ऑर्डरच्या मेलमध्ये स्पष्ट छापलेले होते. त्यामुळे या कलमाला आव्हान देण्यात माझ्या मते दम नव्हता आणि तसं मी तिला सांगितलं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा फरक जसजसे महिने जातात तसा वाढत जातो, आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं कमी होत जातं. आठ महिन्यांनी बंद केलं तर फरक ५,६६४ रुपये. तेच वस्तू तशाच ठेवून उरलेले चार महिने भाडं भरलं असतं तर १२,७४४. म्हणजे बंद करणं फायद्याचंच होतं. नऊ महिन्यांनी ६,३७२ विरुद्ध ९,५५८, तरीही बंद करणं स्वस्त. पण दहा महिन्यांनी फरक ७,०८० आणि उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं ६,३७२. तिथून पुढे घाईने परत करण्यापेक्षा मुदत पुरी करणं स्वस्त पडतं. प्रत्येक कंपनीचे दर वेगळे, त्यामुळे हा टप्पाही वेगळा, पण आकडेमोड हीच. बदलीची चाहूल लागली की कागदावर दोन मिनिटांत करता येते.

शिवाय तिसरा रस्ता होता, तो कुणी विचारलाच नाही. तिची मैत्रीण त्याच फ्लॅटमध्ये राहणार होती आणि पंधरवड्याने तिने त्याच कंपनीकडून फ्रिज आणि मशीन नव्याने भाड्याने घेतलं. ग्राहकाच्या जागी दुसऱ्याचं नाव लावून चालू करार पुढे नेण्याची सोय त्यांच्या अटींमध्ये होती. त्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची ओळखपत्रं आणि नवं डिपॉझिट लागतं, पण पहिल्या ग्राहकाला फरक भरावा लागत नाही. त्या दोन वस्तू मैत्रिणीच्या नावावर गेल्या असत्या तर फरकाचा मोठा वाटा वाचला असता. एकदा पिकअप झाला की मात्र हा रस्ता बंद होतो.

आठ महिने की नऊ

फरकाचं कलम बरोबर होतं, पण महिने चुकले होते. तिने २४ जूनला ॲपवर परत करण्याची विनंती टाकली आणि ५ जुलै, शनिवार ही तारीख मिळाली. सोसायटीत रविवारी आणि संध्याकाळी सहानंतर सामान हलवू देत नाहीत, म्हणून तिने मुद्दाम शनिवार सकाळ मागितली, गेट पास काढला, फ्रिज आदल्या रात्री बंद करून ठेवला. गाडी आली नाही. दुपारी मेसेज आला की पावसामुळे पिकअप ८ जुलैला. ८ तारखेलाही तेच. शेवटी १२ जुलैला गाडी आली.

५ आणि ८ या दोन्ही तारखा आठव्या महिन्यातल्या, म्हणजे भाडं भरलेल्या काळातल्या होत्या. नववा महिना ९ जुलैला सुरू झाला, तो फक्त गाडी न आल्यामुळे. त्याचे परिणाम दोन ठिकाणी दिसत होते. पूर्ण महिन्याचं ३,१८६ भाडं लागलं आणि फरकही नऊ महिन्यांनी गुणला गेला. एकूण ३,८९४ रुपये केवळ तारखेमुळे वाढले. हिशेब करणाऱ्या माणसापुढे फक्त पिकअपची तारीख असते. तारीख कुणी पुढे ढकलली हे त्याला दिसत नाही. तक्रारीत हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवायला सांगितला, कारण पुरावा कंपनीच्याच मेसेजमध्ये होता आणि वादाला जागा नव्हती. तिने दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. हा पैसा पहिल्याच उत्तरात कमी झाला.

पिकअपची तारीख नेहमी भाड्याचा महिना संपण्याच्या आठ-दहा दिवस आधीची मागावी असं मी म्हणेन. एकदा तारीख हुकली तरी महिना उलटत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर तर ही काळजी घ्यायलाच हवी.

दारात सही केलेली स्लिप

पिकअपला आलेल्या दोन मुलांनी वस्तू उतरवण्याआधी फोनवर फोटो काढले आणि ॲपमधली एक स्लिप भरून तिची सही घेतली. सुदैवाने तिने त्या स्लिपचा फोटो घेतला होता. त्यावर लिहिलं होतं: सोफा, दोन डाग, बेड, डावी फळी खालून फुगलेली, मशीन, इनलेट पाइप नाही, फ्रिज, ठीक.

फ्रिज ठीक. तडा वाघोलीकडच्या गोदामात, चार दिवसांनी झालेल्या तपासणीत सापडला. मधल्या काळात फ्रिज पाचव्या मजल्यावरून उतरला, टेम्पोत चढला, वाघोलीपर्यंत गेला, तिथे उतरला. भाजीचा खण पारदर्शक ठिसूळ प्लास्टिकचा असतो. चिकटपट्टी लावून बांधला नाही तर वाहतुकीत तो पुढे सरकून दारावर आपटतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना आपल्या वस्तूची घ्यावी तितकी काळजी घेणं ही आपली जबाबदारी आहे. दारात वस्तू ताब्यातून गेली आणि तेव्हा ती ठीक होती असं कंपनीच्याच माणसाने लिहून दिलं, तर पुढचं नुकसान तिच्या माथी येत नाही. तिने स्लिपचा फोटो पाठवला आणि ९०० रुपये निघाले.

स्लिपचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवायला हवा. पाइपबद्दल तीच स्लिप तिच्या विरोधात होती, आणि योग्य होती. मशीन काढताना पाइप बाथरूमच्या नळालाच राहिला होता आणि नंतर घरमालकाच्या प्लंबरने तो टाकून दिला. ४५० रुपये मान्य केले. मशीनबरोबर आलेले दोन्ही पाइप, फ्रिजचे ट्रे, बेडचे बोल्ट आणि चावी एका पिशवीत भरून ती पिशवी स्लिपवर लिहून घ्यावी. अशा बारीक वस्तूंना 'हरवलेला भाग' म्हणतात आणि त्यावर वेव्हर चालत नाही.

वेव्हर कशाला होता

महिना १०० रुपये आठ महिने भरूनसुद्धा हिशेबात वेव्हरचं नावच नव्हतं. हा वेव्हर म्हणजे विमा नव्हे. ठरावीक नुकसानीचे पैसे मागणार नाही, असं कंपनीने दिलेलं आश्वासन असतं, आणि त्याची व्याप्ती अटींमध्ये असते. तिच्या अटींमध्ये कापडावरचे डाग, ओरखडे आणि किरकोळ तुटफूट यांना सूट होती. हरवलेले भाग, पाण्याने झालेलं नुकसान आणि मुद्दाम केलेली मोडतोड यांना नव्हती. सोफ्यावर एक डाग चहाचा आणि एक हळदीच्या भाजीचा. हळदीचा डाग शाम्पूने पूर्ण जात नाही, त्यामुळे सीटचं कव्हर बदलावं लागेल हे कंपनीचं म्हणणं खरं असेल. पण वेव्हर नेमका त्याचसाठी होता. तिने अटीतलं ते वाक्य जसंच्या तसं उचलून तक्रारीत घातलं. २,४०० रुपये गेले.

मला इथे राग येतो, तो लपवत नाही. ज्या गोष्टीचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात, ती हिशेब करताना आपोआप लागू व्हायला हवी. ग्राहकाने अट शोधून दाखवल्यावरच ती लागू होते, तर ज्यांना शोधता येत नाही ते दोनदा पैसे देतात.

फुगलेली फळी

सगळ्यात अवघड हाच भाग. भाड्याचे बहुतेक बेड पार्टिकल बोर्डचे असतात, म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेली फळी, वर लॅमिनेट, आणि कापलेल्या कडेवर चिकटवलेली पट्टी. लॅमिनेटमधून पाणी जात नाही. ते जातं कडेतून, जिथे पट्टी निघालेली असते. एकदा आत ओल शिरली की भुसा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. फुगवटा कुठून सुरू झाला हे पाहिलं की कारणाचा अंदाज येतो. खालून वर चढलेला आणि बाहेरच्या बाजूचा असेल तर बहुधा फरशी पुसण्याचं पाणी. भिंतीकडच्या बाजूला, वर-खाली सारखा पसरलेला असेल तर भिंतीची ओल. एका ठिकाणी टेंगळासारखा असेल तर त्याच जागी पट्टी सुटलेली असते.

तिच्या बेडची डावी फळी खालून, वीतभर लांबीतच फुगली होती आणि बाकीची कड शाबूत होती. मी विचारलं, वस्तू आल्या त्या दिवशीचे फोटो आहेत का? कंपनीसाठी म्हणून काढलेला एकही नव्हता. पण आईला घर दाखवायला तिने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात बेडवर चादर नव्हती आणि कॅमेरा खालून फिरला होता. थांबवून मोठा करून पाहिलं तर डाव्या फळीच्या खालच्या कडेवर तेवढ्याच भागात पट्टी नव्हती. आतला तपकिरी भुसा दिसत होता. बेड नवा नव्हता. एका ग्राहकाकडून परत आलेला, पुसून-पॉलिश करून पुढे दिलेला. या व्यवसायात ते चालतंच आणि त्यात गैर काही नाही, पण मग आधीचा दोष कुणाचा हा प्रश्न येतो. करार कायद्याचं कलम १५० सांगतं की वस्तू भाड्याने दिलेली असेल, तर तिच्यातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला देणारा जबाबदार असतो, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. सुटलेल्या पट्टीला तो नियम लावता येतो, असा आमचा मुद्दा होता.

कंपनीने हा मुद्दा पूर्ण मानला नाही. त्यांचं म्हणणं, पट्टी नव्हती तरी पाणी तुमच्याकडेच लागलं. त्यात तथ्य होतं. पावसाळ्यात गॅलरीतून पाणी आत यायचं हे भाचीने माझ्याजवळ मान्य केलं होतं. मग आम्ही रकमेकडे वळलो. ३,५०० कशाचे, हे लेखी मागितलं. उत्तर आलं तेव्हा कळलं की तो दर स्टोरेजच्या चारही बाजूंच्या संचाचा आहे. फुगलेली फळी एकच. एका फळीचा खर्च, मजुरीसकट, त्यांनी १,२०० सांगितला. करार मोडल्याची भरपाई वाजवी असावी, करारात आकडा लिहिला आहे म्हणून तेवढीच मिळेल असं नाही, हे कलम ७४ चं तत्त्व आम्ही एका ओळीत लिहिलं. १,२०० वर मिटलं. शून्यावर आणता आलं असतं असं मला अजूनही वाटतं, पण तिला बंगळुरूत नवं घर लावायचं होतं आणि निर्णय तिचा होता.

जीएसटी आणि ऑटो-पे

भाड्यावर जीएसटी योग्य. मुदतीच्या फरकावरही योग्य, कारण तो भाड्याचाच भाग. पण नुकसानभरपाई ही सेवेची किंमत नसते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये हाच फरक स्पष्ट केला आहे. त्याचा हवाला दिल्यावर उरलेल्या दोन रकमांवरचा कर काढला गेला.

मधल्या काळात दुसरी भीती होती. ऑटो-पे अजून चालू होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतची अशी कपात दरवेळी ओटीपी न मागता होऊ शकते. फक्त २४ तास आधी सूचना यावी लागते. १०,३१३ त्या मर्यादेत बसत होते. आठव्या महिन्याचं भाडं जाऊन वस्तू परत गेल्या होत्या, म्हणजे नियमित देणं काही नव्हतं. म्हणून तिने हिशेबावर लेखी आक्षेप पाठवला आणि त्याच दिवशी यूपीआय ॲपमधून मँडेट रद्द केलं. क्रम हाच ठेवावा. भाडं चालू असताना मँडेट रद्द केलं तर तीच थकबाकी ठरते आणि मग आपली बाजू कमकुवत होते.

तक्रार तिने ग्राहक सेवेच्या चॅटवर न करता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने केली. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. ते झालं नसतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो, त्यामुळे बंगळुरूहून पुण्याला हेलपाटे घालायची गरज पडली नसती. तिथवर जावं लागलं नाही.

सुधारलेल्या हिशेबात तीन रकमा राहिल्या: आठ महिन्यांचा फरक ५,६६४, फळीचे १,२००, पाइपचे ४५०. एकूण ७,३१४. डिपॉझिटमधले ४८६ रुपये तिच्या खात्यात जमा झाले, आणि 'काहीही येणे बाकी नाही' असं पत्र तिने मेलवर मागून घेतलं. मैत्रिणीकडे नव्याने आलेल्या फ्रिज आणि मशीनचे, आतून, मागून आणि खालून, पाइप आणि ट्रे मोजून काढलेले फोटो डिलिव्हरीच्या दिवशीच कंपनीला मेल झाले.